खासगी विम्यावरची भाड्याची गाडी

खासगी म्हणून नोंदवलेल्या आणि खासगी म्हणूनच विमा काढलेल्या मोटारीतून पैसे घेऊन प्रवासी नेले, तर अपघातानंतर विम्याचे काय होते, हा या नोंदीचा विषय आहे. मराठवाड्यात अशा गाडीला लोक 'पांढऱ्या पाटीची गाडी' म्हणतात. टॅक्सीची पाटी पिवळी, तिच्यावर काळी अक्षरे. खासगीची पाटी पांढरी. एम एच 20, 23 किंवा 26 अशा क्रमांकांच्या पांढऱ्या पाटीच्या गाड्या लग्नसराईत, यात्रेला आणि पेशंट संभाजीनगरला न्यायला सर्रास भाड्याने जातात. काही गाड्या महिन्याच्या ठराविक रकमेवर कार्यालयांना लावलेल्या असतात, तर काही मोबाइलवरच्या ॲपला जोडलेल्या असतात. 'फुल इन्शुरन्स आहे' एवढ्यावर मालक निर्धास्त असतो, आणि चूक इथेच होते.

खासगी मोटारीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. गाडी कशासाठीही वापरा, पण भाडे किंवा मोबदला घेऊन नको, असा त्याचा अर्थ. मालाची ने-आण आणि शर्यतही त्यातच वगळलेली असते. हा परिच्छेद शेड्यूलच्या पानावर बारीक अक्षरात येतो आणि नूतनीकरणाच्या वेळी कोणी वाचत नाही. रोज दीडदोनशे किलोमीटर पळणारी, अनोळखी लोक बसवणारी गाडी जास्त धोक्यात असते आणि तिचा हप्ताही वेगळा असतो. जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 3,416 रुपये होता. त्याच इंजिनाच्या टॅक्सीला 7,940 रुपये मूळ आणि शिवाय दर प्रवाशामागे 978 रुपये. चालक सोडून सहा जण बसणाऱ्या अर्टिगासारख्या गाडीचा हिशेब 13,808 रुपयांवर जातो, जीएसटी वेगळा. वर्षाला वाचणारे हे दहा हजार रुपयेच बहुतेक मालकांच्या मनात असतात.

कल्पनेतले एक उदाहरण घेऊ. बीडच्या एका तरुणाची तीन वर्षांची पांढऱ्या पाटीची अर्टिगा आहे. ओळखीतून एका कुटुंबाला संभाजीनगरच्या दवाखान्यात न्यायचे ठरते, भाडे 3,500 रुपये. परतताना सोलापूर-धुळे महामार्गावर गाडी दुभाजकाला आदळते आणि मागच्या सीटवरच्या बाईंचा पाय मोडतो. गॅरेजचे बिल 2,40,000 रुपये येते. क्लेम 50,000 रुपयांच्या वर असल्याने परवानाधारक सर्व्हेयर येतो. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी घट, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे घट आणि 1,000 रुपयांची सक्तीची वजावट धरून मान्य रक्कम समजा 1,80,000 निघाली.

आता प्रश्न येतो की गाडी भाड्याने होती हे कंपनीला कळते कसे. बहुतेक वेळा मालकाच्याच बाजूने. दवाखान्यातून पोलिसांना खबर जाते, जबाब होतात, आणि जखमी बाई सरळ सांगतात, 'आम्ही गाडी भाड्यानं केली होती.' त्यांनी खोटे का बोलावे? शिवाय फोनवरून पाठवलेले 3,500 रुपये, टोलनाक्यावरच्या फास्टॅगच्या नोंदी आणि ॲपमधली फेरी हेही पुरावे असतात. मालकाने 'पाहुणे होते' असे लिहून दिलेले असेल आणि प्रवाशांची आडनावे, गावे काहीच जुळत नसतील, तर तपासनीस तेवढाच धागा धरतो. भाडे घेतले हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, मात्र खोटे निवेदन उघड झाले की मालकाची उरलीसुरली बाजूही दुबळी होते.

अशा वेळी कंपनी सहसा पूर्ण क्लेम नाकारते. पण ते कायम टिकत नाही. अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या 2010 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की गाडी भाड्याने दिली होती एवढ्यावरून दावा सगळाच फेटाळता येत नाही, तो 'नॉन-स्टँडर्ड' धरून निकाली काढावा. या पद्धतीत मान्य रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात. चोरीच्या बाबतीत 2008 च्या नितीन खंडेलवाल प्रकरणातही हीच दिशा होती, कारण गाडी चोरीला जाण्याशी ती कशासाठी वापरली याचा संबंध नसतो. आपल्या उदाहरणात याचा अर्थ 1,35,000 रुपये, तेही ग्राहक आयोगात जाऊन. गॅरेजचे उरलेले 1,05,000 मालकाचे. आणि हा चांगला निकाल झाला. परमिटशिवाय सार्वजनिक रस्त्यावर व्यावसायिक वाहन चालवणे हा कायद्याचा मूलभूत भंग आहे, असे 2018 च्या अमृत पाल सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले आहे, आणि कंपन्या आता तोच निकाल पुढे करतात.

जास्त मोठे संकट गाडीच्या बिलाचे नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 खाली, परमिट नसलेली गाडी भाड्याने वापरली हा कंपनीला मिळणारा मोजक्या बचावांपैकी एक आहे. पाय मोडलेल्या बाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेल्या आणि भरपाई सहा लाख ठरली, तर न्यायाधिकरण अनेकदा 'आधी कंपनीने भरावे, मग मालकाकडून वसूल करावे' असा आदेश देते. जखमीला पैसे मिळतात, हे चांगलेच. पण त्यानंतर वसुलीची दरखास्त मालकाच्या नावावर येते आणि ती त्याच्या मालमत्तेवर, म्हणजे आपल्याकडे बहुधा शेतावर, बजावली जाऊ शकते. कधी कंपनीला पूर्ण मोकळीक मिळते आणि सगळा बोजा थेट मालकावर येतो. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर अवस्था आणखी कठीण, कारण खासगी मोटारीतल्या प्रवाशांना ती पॉलिसी मुळातच धरत नाही. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही वापराच्या याच मर्यादेने बांधलेला असतो.

पेट्रोलचे पैसे वाटून घेणे वेगळे. चार सहकारी रोज जालन्याहून संभाजीनगरला एका गाडीने जातात आणि इंधनाचा खर्च सारखा वाटतात, तेव्हा मालकाला नफा नसतो आणि त्याला भाडे म्हणणे अवघड जाते. वाटणी खर्चापेक्षा जास्त झाली, किंवा माणसे रोज नवी असली, की ही बाजू लंगडी पडते.

उपाय पॉलिसीपासून नव्हे, नोंदणीपासून सुरू होतो. आरसीवर खासगी असलेल्या गाडीला नुसती टॅक्सीची पॉलिसी घेतली तर परमिटचा मुद्दा तसाच राहतो. आधी आरटीओत गाडी खासगीतून प्रवासी वाहनात बदलून घ्यावी लागते. कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र, मग फिटनेस, कर, परमिट आणि पिवळी पाटी. नवी आरसी हातात आल्यावर कंपनीला लेखी कळवून व्यावसायिक पॅकेज पॉलिसी घ्यायची. नव्या खासगी गाडीसोबत घेतलेला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा अजून चालू असेल तर तोही खासगी वापराचाच असतो, म्हणून त्याचा उल्लेख त्याच पत्रात करावा. बदल नोंदवल्याच्या तारखेपासून लागू होतो. त्याआधीच्या फेरीत झालेला अपघात जुन्याच पॉलिसीवर तपासला जातो.