अचूकतेचा एक अंक वाढवायला किती गेट लागतात?

क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक असलेल्या क्यूबिटला कोणत्याही अक्षाभोवती हव्या त्या कोनातून फिरवता येते, हे कागदावर खरे असले तरी त्रुटी-सुधारणा कोडांच्या आड सुरक्षित ठेवलेल्या क्यूबिटवर मोजकीच गेट, म्हणजे ठरावीक मूलभूत क्रिया, विश्वासाने चालवता येतात. ब्रायन ईस्टिन आणि इमॅन्युएल निल यांनी 2009 मध्ये दाखवले की, स्थानिक त्रुटी ओळखू शकणाऱ्या कोणत्याही कोडात त्रुटी पसरू न देता, म्हणजे प्रत्येक भौतिक क्यूबिटवर स्वतंत्र क्रिया करून, सर्व गेट मिळवणे शक्य नाही. म्हणून क्लिफर्ड गेट आणि एक T गेट (π/4 चे परिवलन) अशा मर्यादित संचातूनच बाकीची सर्व परिवलने जुळवावी लागतात. क्लिफर्ड गेट तुलनेने स्वस्त आणि T महाग, त्यामुळे इथला हिशेब बहुतेक वेळा T गेटच्या संख्येतच मांडतात.

हा संच पुरेसा आहे, हे 1999 मध्ये बॉयकिन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले: हॅडामार्ड नावाचे क्लिफर्ड गेट H आणि T यांच्यापासून π च्या अपरिमेय पटीतला कोन मिळतो, आणि तोच पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्यास हव्या त्या कोनाच्या जवळ पोहोचता येते. मात्र अशा साध्या पुनरावृत्तीत त्रुटी ε हवी असेल तर सुमारे 1/ε फेऱ्या लागतात. दशांशात आणखी एक अंक अचूक हवा, तर एकामागोमाग लावलेल्या गेटची माळ दहापट लांब होते, आणि हे व्यवहारात परवडणारे नाही.

ही कोंडी रॉबर्ट सोलोव्हे यांनी 1995 मध्ये आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे अलेक्सेई किताएव्ह यांनी 1997 मध्ये फोडली. त्यांची युक्ती जवळून पाहण्याजोगी आहे. हव्या असलेल्या U ला ε इतकी जवळ जाणारी माळ U₀ आधीच हाताशी आहे, असे धरा. उरलेला फरक Δ = UU₀† हे जवळपास ‘काहीच न करणारे’ गेट असते; इथे † ही उलट क्रियेची खूण आहे. ते VWV†W† अशा रूपात लिहिता येते, आणि त्यासाठी V व W यांना काहीच न करणाऱ्या गेटपासून √ε च्या आसपास अंतरावर ठेवता येते. आता V आणि W यांच्याही जागी ε त्रुटीच्या माळा बसवल्या, तर या चार घटकांच्या रचनेत पहिल्या पातळीची त्रुटी परस्पर कटते आणि ε·√ε, म्हणजे ε^(3/2) च्या मानाची त्रुटी उरते. पाच माळा खर्ची पडल्या, त्रुटी मात्र दीडपट घाताने खाली आली. हीच कृती पायरीपायरीने केल्यावर माळेची लांबी log(1/ε) च्या सुमारे 3.97 व्या घाताने वाढते. ख्रिस्तोफर डॉसन आणि मायकेल नील्सन यांनी 2005 च्या सुमारास मांडलेल्या स्वच्छ अल्गोरिदमचा घातांक हाच आहे.

प्रत्यक्ष आकड्यांत पाहू. त्रुटीच्या सूत्रातला स्थिरांक 4√2 आणि सुरुवातीची त्रुटी 1/64 धरली, तर आठ पायऱ्यांनंतर ती 6×10⁻¹⁰ होते. 10⁻¹⁰ गाठायला नववी पायरी लागते. पाचाचा नववा घात 19,53,125. सुरुवातीची माळ 20 गेटची असेल, तर अंतिम माळ जवळपास चार कोटी गेटची झाली. प्रमेय म्हणून हा निकाल मला अत्यंत सुंदर वाटतो. पण यंत्रासाठी ही संख्या जड आहे.

मग किमान किती लागतात? एका क्यूबिटच्या परिवलनांचे अवकाश त्रिमितीय असल्याने ε त्रिज्येचा गोळा त्याचा सुमारे ε³ इतकाच भाग व्यापतो, म्हणून ते पूर्ण झाकायला 1/ε³ च्या मानाने वेगवेगळ्या माळा हव्यात. एक T वाढवला की मिळणाऱ्या वेगळ्या क्रियांची संख्या साधारण दुप्पट होते. यावरून काही परिवलनांना तरी निदान 3 log₂(1/ε) च्या आसपास T लागणारच. 10⁻¹⁰ साठी हे सुमारे 100 होतात. दशांशातला प्रत्येक नवा अंक म्हणजे साधारण दहा T.

चार कोटी आणि शंभर यांतली ही दरी अंकशास्त्राने बुजवली. 2012 मध्ये क्लिउचनिकोव्ह, मास्लोव्ह आणि मोस्का यांनी सिद्ध केले की, या संचातून नेमकी तीच गेट तंतोतंत बनतात ज्यांच्या मॅट्रिक्समधील घटक Z[1/√2, i] या वलयात, म्हणजे पूर्णांक, 1/√2 आणि i यांच्या बेरजा-वजाबाक्या-गुणाकारांतून बनणाऱ्या संख्यांत, असतात. यामुळे ‘माळ शोधा’ या प्रश्नाचे रूप ‘लक्ष्याजवळचा या वलयातला बिंदू शोधा’ असे झाले. नील रॉस आणि पीटर सेलिंजर यांनी 2014 मध्ये z-अक्षाच्या परिवलनांसाठी असे बिंदू पद्धतशीरपणे शोधून 3 log₂(1/ε) अधिक अगदी मंद वाढणारे पद, एवढ्यात काम भागवले. प्रत्येक उमेदवारापाशी एक समीकरण सोडवावे लागते, त्यात मोठ्या पूर्णांकाचे अवयव पाडणे येते; अवघड संख्या समोर आली, तर ती सोडून पुढचा उमेदवार घेतात. मनमानी परिवलन तीन z-परिवलनांत फोडले, तर खर्च तिप्पट, म्हणजे 9 log₂(1/ε) च्या घरात जातो.

ही किमया Z[1/√2, i] च्या विशेष रचनेवर उभी आहे. वाटेल तो गेट-संच घेतला, तर सोलोव्हे-किताएव्ह मार्गावरच यावे लागते; तिथे 2023 मध्ये ग्रेग कुपरबर्ग यांनी घातांक 1.44 च्या थोडा वरपर्यंत खाली आणला. बीजीय घटकांच्या ज्या संचातून सर्व परिवलनांच्या हवे तितके जवळ जाता येते, त्या संचासाठी log(1/ε) च्या प्रमाणातल्या माळा अस्तित्वात असतात, हे बुर्गेन आणि गॅम्बर्ड यांच्या 2008 च्या निकालातून निघते. पण त्या झटपट शोधून देणारी सर्वसाधारण रीत अजून हाती आलेली नाही.