एका ओळीतले रोहित आणि दामोदर

विष्णुसहस्रनामात एक ओळ आहे: ‘विक्षरो रोहितो मार्गो हेतुर्दामोदरः सहः’. एका दमात म्हणून होते, पण तेवढ्यात सहा नावे येऊन जातात. विक्षर, रोहित, मार्ग, हेतु, दामोदर आणि सह. नागपुरात महालातल्या एखाद्या जुन्या घरी आजोबा दामोदर आणि नातू रोहित अशी जोडी सहज भेटेल. हेतुराव किंवा मार्गपंत मात्र कोणाच्या ऐकण्यात नसतील. सहाही शब्द त्याच देवाचे आणि त्याच ओळीतले, मग माणसांच्या पाळण्यापर्यंत त्यातले दोनच कसे पोचले?

सहस्रनाम महाभारताच्या अनुशासनपर्वात येते. शरशय्येवरचे भीष्म ते युधिष्ठिराला सांगतात आणि यादी सुरू करण्याआधीच स्पष्ट करतात: ‘यानि नामानि गौणानि विख्यातानि महात्मनः’. इथे गौण म्हणजे दुय्यम नव्हे, तर गुणांवरून पडलेली. ही नावे म्हणजे खरे तर वर्णने आहेत, हे भीष्मांनीच सांगून टाकले आहे. हातात चक्र म्हणून चक्रपाणि, मधू दैत्याला मारले म्हणून मधुसूदन, नाभीतून कमळ उगवले म्हणून पद्मनाभ. वर्णनांना सहसा सीमा नसते. जितकी रूपे, जितके पराक्रम, जितकी नाती, तितकी विशेषणे. त्यामुळे एका देवाला हजार नावे असण्यात फारसे गूढ नाही.

त्यातली बरीचशी गरज छंदाचीही आहे. सहस्रनाम अनुष्टुभात आहे: चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरे. प्रत्येक चरणात पाचवे अक्षर लघू आणि सहावे गुरू हवे. सातवे पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरू, दुसऱ्या-चौथ्यात लघू. आपल्याच ओळीचा दुसरा चरण मोजून पाहा: हे-तुर्-दा-मो-द-रः-स-हः. पाचवा ‘द’ लघू, सहावा ‘रः’ गुरू, सातवा ‘स’ लघू. ‘दामोदर’ या शब्दाचा सांगाडाच गुरू-गुरू-लघू-गुरू असा असल्याने तो तिसऱ्या ते सहाव्या जागेत चपखल बसतो. उरलेल्या शेवटच्या दोन जागांत लघूने सुरू होणारा छोटासा शब्द लागतो, तिथे ‘सह’ येतो. ज्या कवीला देवाचे एकच नाव ठाऊक आहे, तो दुसऱ्याच श्लोकात अडेल. लांबीरुंदीने वेगवेगळी शेकडो नावे हाताशी असतील तरच शंभराहून अधिक श्लोक केवळ नावांनी भरता येतात. तरीही पुनरुक्ती टळलेली नाही. ‘विष्णु’ तीनदा येते, ‘वासुदेव’ही तीनदा. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या भाष्यात अशा ठिकाणी दर खेपेला निराळा अर्थ लावून हजाराचा हिशेब जुळवला आहे. भाष्यकाराची ही कसरत मला मूळ यादीइतकीच वाचनीय वाटते.

आणखी एक कारण इतिहासातले. वासुदेव, नारायण आणि विष्णू हे पूर्वी वेगवेगळ्या परंपरांचे देव होते. नंतर ते एकात मिसळले. विदिशेजवळच्या बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात एक गरुडध्वज उभारला, तो ‘देवांचा देव वासुदेव’ याच्यासाठी. त्यावर कोरलेल्या लेखाच्या पहिल्या ओळीत विष्णूचे नाव नाही. एकत्र येताना कोणत्याच देवाने आपले नाव टाकून दिले नाही. एकाचे मुख्य नाव दुसऱ्याच्या यादीत जाऊन बसले. सहस्रनामात म्हणूनच दोन तऱ्हेचे शब्द शेजारी आढळतात, एकेकाळी स्वतंत्र देवाचे नाव असलेले आणि कायमच विशेषण राहिलेले.

विशेषणाचे नाव नेमके कधी झाले, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. सगळ्यात सुंदर खूण शिवाच्या बाबतीत सापडते. ऋग्वेदात ‘शिव’ हे साधे विशेषण आहे, अर्थ मंगल, कल्याणकारी. ते रुद्राला लागते आणि इतरांनाही. रुद्र मुळात भयंकर देव. ज्याची धास्ती आहे त्याला गोड नावाने हाक मारायची रीत आपण मराठी माणसांना परकी नाही. अंगावर फोड उठवून जीव घेणाऱ्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणत आलो आणि काकण फुटले तरी ‘वाढवले’ म्हणतो. यजुर्वेदातल्या शतरुद्रीयात, म्हणजे ज्याला आपण घरोघरी रुद्र म्हणतो त्यात, एक ओळ आहे: ‘नमः शिवाय च शिवतराय च’. शिवाला नमस्कार आणि शिवतरालाही, म्हणजे अधिक शिव असलेल्याला. हा ‘तर’ प्रत्यय सगळे सांगून जातो. सुंदर, सुंदरतर होते. दामोदर, दामोदरतर होत नाही. नावाला कमी-अधिक नसते. म्हणजे ही ओळ रचली गेली तेव्हा ‘शिव’ अजून विशेषण म्हणून जिवंत होते. पुढे ते रुद्राला इतके घट्ट चिकटले की मूळ नावच मागे पडले आणि विशेषण गाभाऱ्यात जाऊन बसले.

दुसरी खूण पाणिनीने टिपली आहे. शब्द नाव झाला की त्याचे रूप गोठते आणि एरवीचे नियम त्याला लागेनासे होतात, हे त्याने अनेक सूत्रांत ‘संज्ञा’ असा वेगळा शेरा मारून नोंदवले. सगळ्या जगाचा मित्र तो ‘विश्वमित्र’. पण ऋषीचे नाव असेल तर मधला स्वर लांबतो आणि तो ‘विश्वामित्र’ होतो. सूत्र अगदी छोटे, ‘मित्रे चर्षौ’. शूर्पणखेचेही तसेच. सुपासारखी नखे असलेली कोणीही बाई ‘शूर्पनखी’ म्हणता येईल; रावणाची बहीण मात्र ‘शूर्पणखा’. तिच्या नावात ‘न’चा ‘ण’ झाला आणि शेवटचा ‘ई’ही आला नाही. ‘ण’ दिसला की हे वर्णन नसून नाव आहे, इतकी सोपी कसोटी.

मराठीत ही कसोटी आपण बोलताना लावतो, सूत्राची गरज पडत नाही. नाव तोडता येते, वर्णन तोडले की त्यात काही उरत नाही. दामोदरचा दामू होतो, आणि नागपुरात मित्रांच्या अड्ड्यावर ‘काऊन बे दाम्या’. दाम म्हणजे दोरी आणि उदर म्हणजे पोट. यशोदेने खोडकर कृष्णाच्या पोटाला दोरी बांधली, ही त्यामागची गोष्ट. ‘दामू’ म्हणताना पोट गळाले, नुसती दोरी उरली, आणि कोणाचे काही अडले नाही. कारण ऐकणारा अर्थाकडे जातच नाही, थेट माणसाकडे जातो. पांडुरंगाचेही तेच. शब्दशः अर्थ पांढऱ्या अंगाचा, विटेवरची मूर्ती काळी, आणि ‘सावळे सुंदर रूप’ म्हणणाऱ्या वारकऱ्याला त्यात विसंगती जाणवत नाही. अर्थ असा झोपला की शब्द नाव म्हणून पक्का झाला समजावे.

त्या ओळीतल्या सहा शब्दांचा निकाल इथेच लागतो. मार्ग आणि हेतु हे शब्द मराठीत रोज राबतात. ‘वर्धा मार्ग’ म्हणताना आणि ‘माझा तो हेतू नव्हता’ म्हणताना त्यांचा अर्थ टक्क जागा असतो. ‘सह’ तर पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ म्हणून हजर. असा शब्द मुलाला द्यायला कोणी धजत नाही. ‘विक्षर’ उलट इतका अपरिचित की त्याला आधाराला एखादी गोष्टही नाही. दामोदर मात्र अर्थाने झोपलेला आणि गोष्टीने जागा. पिढ्यान्‌पिढ्या तो माणसांच्या नावात टिकला याचे कारण मला हेच दिसते. रोहितची वाट जरा वेगळी. शब्दाचा अर्थ लालसर. रोहित नावाचा मासाही आहे, म्हणून भाष्यकार इथे माशाचे रूप घेतलेला विष्णूही सुचवतात. मराठीत हे रंगाचे विशेषण चालत नसल्याने शब्द मोकळा होता, आणि आई-बाबांनी तो उचलला. सहस्रनामातून घेतला असे बहुतेकांना ठाऊकही नसते.

नागपूरजवळच या प्रवासाचा जुना पुरावा आहे. रामटेकच्या परिसरात, आजच्या नगरधनला, वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होती. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता या घराण्यात राणी म्हणून आली. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला, आणि लहान मुलांच्या नावाने तिने राज्य चालवले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट ‘रामगिरिस्वामीच्या पायाशी’ बसून, म्हणजे रामटेकच्या देवाच्या साक्षीने दिलेला आहे. त्यात ती स्वतःला दामोदरसेन-प्रवरसेन यांची आई म्हणवते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, रामटेकच्या पायथ्याशी, विष्णूचे विशेषण राजपुत्राच्या नावात शिरले होते ते असे.

या नावांवरून राजांची भक्ती वाचायला गेले की मात्र फसगत होते. रुद्रसेनाच्या नावात रुद्र आहे, पण ताम्रपट सांगतात की त्याला वैभव मिळाले ते भगवान चक्रपाणीच्या कृपेने. नावाने शैव, भक्तीने वैष्णव. प्रवरसेन उलट, वैष्णव आईचा मुलगा, आणि लेखांत त्याचे वर्णन परममाहेश्वर. म्हणजे तेव्हाही घराण्यात नाव रूढ झाले की त्यातला देव मागे पडत असे. जुन्या लेखांतली नावे मोजून ‘इतके शैव, इतके वैष्णव’ असा हिशेब मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. नावाशेजारी देवाचा उल्लेख वेगळा असेल तरच ते भक्तीचे प्रमाण, नाही तर फार तर घराण्याची सवय.

वाकाटकांचे हे लेख एकत्र संपादित करून 1963 साली प्रसिद्ध केले ते नागपूरचेच महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. त्यांच्या स्वतःच्या आणि वडिलांच्या नावात सहस्रनामातली दोन नावे आहेत, तीही तीन-तीनदा आलेली. दामोदरसेन आणि प्रवरसेन हे दोन भाऊ, की दामोदरसेनानेच गादीवर बसताना पूर्वजाचे ‘प्रवरसेन’ हे नाव घेतले, हा वाद या लेखांवरून अभ्यासकांत झडत आला आहे. ताम्रपटात दोन्ही नावे एकाच समासात आहेत. समास फोडताना ‘आणि’ घ्यावा की ‘म्हणजेच’, हे अक्षरे सांगत नाहीत.