कंदील तीन किलोचा, ओढ अकरा किलोची

दिवाळीच्या तोंडावर सोसायटीचा मोठा आकाशकंदील चढवताना दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "दोन दोऱ्या लावा, म्हणजे वजन निम्मं निम्मं होईल" हे पहिलं. "अजून खेच रे, झोळ दिसतोय" हे दुसरं. पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं आणि दुसरं धोक्याचं असतं. दोन्ही का, ते शाळेतल्या बलांच्या गणितातून स्वच्छ कळतं.

एक ठरावीक मांडणी घेऊ. समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांना एकाच उंचीवर हूक आहेत आणि त्यांच्यात ४ मीटर अंतर आहे. बांबूचा कंदील, आतला बल्ब आणि वायर धरून वजन ३ किलो. कंदिलाच्या वरच्या कडीला दोन वेगळ्या दोऱ्या गाठ मारून बांधल्या आहेत. डावी लांब आहे आणि आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते. उजवी आखूड आणि जास्त उभी आहे, तिचा कोन ६० अंशांचा. (बल खरं तर न्यूटनमध्ये मोजतात, ३ किलोचं वजन म्हणजे सुमारे २९.४ न्यूटन. पण हातातला काटा किलो दाखवतो, म्हणून इथेही किलोच ठेवू.)

आता सांगा, जास्त ताण कुठल्या दोरीत? बरेच जण लांब दोरीकडे बोट दाखवतात. लांब आहे, तिरपी आहे, म्हणजे तिलाच जास्त ओढावं लागत असणार, असं वाटतं. उत्तर नेमकं उलटं आहे.

लक्ष कंदिलावर नको, कडीवरच्या गाठीवर ठेवा. गाठ स्थिर आहे, म्हणजे तिच्यावरची सगळी बलं एकमेकांना पुरी पडताहेत. बलं तीनच आहेत: कंदील सरळ खाली ओढतो, डावी दोरी डावीकडे वर ओढते आणि उजवी दोरी उजवीकडे वर. दोरी फक्त आपल्या लांबीच्या दिशेनंच ओढू शकते, ढकलू शकत नाही, बाजूला रेटू शकत नाही. म्हणून प्रत्येक दोरीच्या ओढीचे दोन भाग पाडता येतात, एक आडवा आणि एक उभा.

आधी आडवा भाग पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. कंदिलाचं वजन सरळ खाली जातं, आडव्या दिशेला त्याचा काडीचाही वाटा नाही. म्हणजे आडव्या दिशेत दोनच खेळाडू उरतात, डावी दोरी आणि उजवी दोरी. गाठ डावीकडेही सरकत नाही आणि उजवीकडेही नाही, तेव्हा या दोघींची आडवी ओढ तंतोतंत सारखी असलीच पाहिजे. कंदील कितीही जड असो, कोन कसेही असोत, ही अट सुटत नाही.

तिरप्या दोरीची बरीचशी ओढ आडवीच असते, त्यामुळे थोड्या ताणातही तिची आडवी ओढ पुरेशी होते. उभ्या दोरीची बहुतेक ओढ वरच्या दिशेला जाते. तेवढीच आडवी ओढ द्यायची तर तिला एकूण ताण जास्त घ्यावा लागतो. म्हणून जास्त उभी दोरी जास्त ताणलेली असते. समीकरणात हे असं दिसतं:

T₁ cos 30° = T₂ cos 60°

यात T₁ म्हणजे डावा ताण आणि T₂ उजवा. किमती घातल्या की कळतं, उजवा ताण डाव्याच्या १.७३ पट आहे. आता उभ्या दिशेची अट: दोन्ही दोऱ्यांची वरची ओढ मिळून कंदिलाचं वजन पेललं पाहिजे.

T₁ sin 30° + T₂ sin 60° = W

दोन अज्ञात, दोन समीकरणं. सोडवली की डावा ताण १.५ किलो येतो आणि उजवा २.६ किलो. ताळा करून बघा. डावीची वरची ओढ ०.७५ किलो, उजवीची २.२५ किलो, बेरीज बरोबर ३. आणि आडवी ओढ दोघींची १.३ किलो, डावीकडे तेवढीच आणि उजवीकडे तेवढीच.

अकरावी-बारावीत लामीचं प्रमेय शिकलेल्यांना हेच एका ओळीत मिळेल. सतराव्या शतकातल्या बर्नार लामी या फ्रेंच धर्मगुरू-गणितज्ञाच्या नावानं ते ओळखलं जातं. एका बिंदूवर तीन बलं समतोलात असतील, तर प्रत्येक बल त्याच्या समोरच्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतं. इथे ते कोन १५०, १२० आणि ९० अंशांचे आहेत. उत्तर तेच येतं, पण आडव्या ओढीची ती अट मात्र या सूत्रात दडून जाते. म्हणून मला दोन समीकरणांचा लांबचा रस्ता जास्त आवडतो.

ताणांची बेरीज केलीत तर १.५ आणि २.६ मिळून ४.१ किलो होतात. कंदील ३ किलोचा, मग वरचे १.१ किलो कुठून आले? दोऱ्या फक्त कंदील उचलत नाहीत, त्या एकमेकींनाही ओढताहेत. ती आडवी ओढाओढ कंदिलाच्या कामाची नाही, पण दोरीला आणि हुकाला ती सोसावी लागतेच. दोन दोऱ्या अगदी उभ्या आणि समांतर असतील तरच ही ओढाओढ शून्य होते आणि ताणांची बेरीज वजनाइतकी येते. "निम्मं निम्मं" व्हायला तर त्या कंदिलापासून सारख्या अंतरावरही हव्यात.

हे कागदावर न ठेवता पाहताही येतं. सामान तोलायचे दोन स्प्रिंगचे काटे घ्या, प्रत्येक दोरीच्या मध्ये एकेक अडकवा आणि आकडे वाचा. कोन मोबाइलवरच्या कोनमापकानं मोजता येतो. काट्याचं स्वतःचं वजन असतं आणि त्यानं दोरी थोडी वाकते, म्हणून हलका काटा घ्या आणि कोन गाठीजवळच मोजा.

आता दुसरं वाक्य, "अजून खेच रे". कंदील डाव्या हुकापासून ३ मीटरवर आणि उजव्यापासून १ मीटरवरच ठेवू, फक्त झोळ कमी करत जाऊ. झोळ म्हणजे हुकांच्या पातळीपासून गाठ किती खाली आहे ते अंतर. आपल्या पहिल्या मांडणीत तो १.७३ मीटर होता. उभ्या दिशेचा हिशेब या मांडणीत मुळीच बदलत नाही. जवळचा हूक वजनाचा पाऊण भाग उचलतो, लांबचा पाव भाग. बदलते ती आडवी ओढ आणि तिचं सूत्र फार सुटसुटीत निघतं:

H = W × a × b / (L × d)

इथे a आणि b म्हणजे दोन्ही हुकांपासूनची आडवी अंतरं, L दोन हुकांमधलं अंतर आणि d झोळ. आपल्या किमती घातल्या की आडवी ओढ म्हणजे २.२५ भागिले झोळ, इतकंच उरतं. झोळ निम्मा केला की ओढ दुप्पट. २० सेंटिमीटर झोळ ठेवला तर आडवी ओढ सव्वाअकरा किलो होते आणि दोन्ही दोऱ्यांतला ताण साडेअकरा किलोच्या आसपास जातो. ५ सेंटिमीटरवर आणला तर ४५ किलो! कंदील तोच, ३ किलोचा. आणि झोळ शून्य? भागाकारात खाली शून्य येतं. मध्ये वजन टांगलेली दोरी कितीही ताकद लावली तरी अगदी सरळ करता येत नाही, कारण पूर्ण आडव्या दोरीकडे वर ओढायला काही उरतच नाही.

याहून घातक गोष्ट लांबीच्या हिशेबात आहे. २० सेंटिमीटर झोळाला दोन्ही दोऱ्यांची मिळून लांबी सुमारे ४.०२६ मीटर लागते, ५ सेंटिमीटर झोळाला ४.००२ मीटर. म्हणजे खेचणाऱ्यानं जेमतेम अडीच सेंटिमीटर दोरी अधिक ओढून घेतली की ताण चौपट. खेचणाऱ्याच्या हाताला हे जाणवतं, पण खाली उभं राहून "अजून, अजून" म्हणणाऱ्याला दिसत नाही.

नायलॉनची दोरी इथे थोडी सांभाळून घेते, कारण ती ताणली की लांबते, झोळ आपोआप वाढतो आणि ओढ उतरते. लोखंडी तार तशी लांबत नाही, मग तिची सगळी ओढ हुकावर येते. भिंतीतला हूक खाली लटकणारं वजन बरं पेलतो, पण भिंतीतून सरळ बाहेर ओढलं जाणं त्याला सोसत नाही आणि आडवी ओढ नेमकं तेच करते. हूक कंदिलाच्या दिशेला कललेला दिसला, त्याच्या मुळाशी प्लास्टरला तडा गेला किंवा गाठीजवळ दोरी बारीक झालेली दिसली, तर कंदील उतरवून झोळ वाढवा.

कंदील भर दिवाळीत खाली आला की अपशकुन झाला म्हणून चेहरे पडतात, कुणाची नजर लागली याची चर्चा होते. दोष नजरेचा नसतो, दोरीच्या कोनाचा असतो. तसंच दोरीच्या पाकिटावर "१० किलो क्षमता" लिहिलेलं असलं तर ती दोरीतल्या ताणाची मर्यादा आहे, टांगायच्या वस्तूच्या वजनाची नव्हे. २० सेंटिमीटर झोळावर ३ किलोचा कंदीलही ती ओलांडतो. वाऱ्याचे हिसके आणि गाठीपाशी कमी होणारी दोरीची ताकद यात धरलेलीच नाही.

एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. वरचा सगळा हिशेब दोन वेगळ्या, गाठ मारलेल्या दोऱ्यांचा आहे. कडीतून एकच दोरी ओवली आणि ती कडीत मोकळी सरकत असेल, तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. आडवी ओढ सारखी हवी आणि ताणही सारखा, म्हणजे कोनही सारखेच हवेत. म्हणून कंदील घरंगळत जातो आणि दोन्ही कोन समान होतील तिथे थांबतो. एकाच उंचीवरच्या हुकांमध्ये ती जागा म्हणजे बरोबर मध्य. कंदील एका गॅलरीच्या जवळ हवा असेल तर कडीला गाठ मारावीच लागते.

आपल्या ४ मीटरच्या मांडणीत अर्धा मीटर झोळ सोडला, तर डाव्या दोरीत सुमारे साडेचार आणि उजवीत पाच किलो ताण येतो. त्यासाठी दोरी सरळ अंतरापेक्षा फक्त १६ सेंटिमीटर जास्त लागते, गाठींसाठी लागेल ती वेगळी.