केंद्रकाचा पडदा नसला तर काय बिघडते?

प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांत एक चूक हमखास आढळते: माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, म्हणून ती आदिकेंद्रकी. वास्तविक अस्थिमज्जेत तयार होताना तिला केंद्रक असते; पक्व होताना ती ते बाहेर टाकते आणि त्यासोबत तिचा डीएनएही जातो. जिवाणूचा डीएनए मात्र जागेवरच असतो. त्याच्याभोवती पटल नसते, इतकेच.

या 'इतकेच'मुळे काय घडते, ते ई. कोलाय या जिवाणूत पाहू. भोवती ग्लुकोज नसून लॅक्टोज असले, तर तो बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे विकर बनवू लागतो. या विकराचे जनुक सुमारे ३००० अक्षरांचे आहे आणि प्रतिलेखन सेकंदाला साधारण ४५ अक्षरांच्या वेगाने होते, म्हणजे संदेशवाहक आरएनए पूर्ण व्हायला मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. पण रायबोसोम तेवढे थांबत नाहीत. आरएनएचे पहिले टोक डीएनएपासून सुटताच पहिला रायबोसोम त्यावर चढतो, त्याच्यामागून दुसरा, तिसरा, आणि मागचे टोक अजून लिहिले जात असतानाच पुढच्या भागाचे प्रथिनात भाषांतरण चालू होते. तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल या हिशेबाने रायबोसोम सेकंदाला पंधराएक अमिनो आम्ले जोडतो, म्हणजे त्याचा वेग प्रतिलेखनाशी जवळजवळ जुळतो. ऑस्कर मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या चित्रांत डीएनएच्या धाग्यावर लोंबणारे आरएनए आणि त्यांवरील रायबोसोमच्या माळा स्पष्ट दिसतात.

दृश्यकेंद्रकी पेशीत हे शक्य नाही, कारण प्रतिलेखन केंद्रकात होते आणि रायबोसोम काम करतात बाहेर, पेशीद्रवात. मधल्या अवकाशात आरएनएमधील इंट्रॉन कापून उरलेले तुकडे जोडले जातात आणि मगच तो केंद्रकछिद्रातून बाहेर पडतो. वेळ जातो खरा. पण तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडून एकाच जनुकापासून अनेक प्रथिने मिळवता येतात.

| मुद्दा | आदिकेंद्रकी | दृश्यकेंद्रकी |
|---|---|---|
| केंद्रकपटल | नाही | आहे |
| डीएनए | बहुधा एकच वर्तुळाकार रेणू | अनेक रेषाकार गुणसूत्रे |
| पेशीद्रवातील रायबोसोम | ७०एस | ८०एस |
| तंतुकणिका | नाही | बहुतेकांत आहे |
| आकार (बहुधा) | १ ते ५ मायक्रोमीटर | १० ते १०० मायक्रोमीटर |
| उदाहरणे | जिवाणू, आर्किया | वनस्पती, प्राणी, कवके |

रायबोसोमची ओळ उपचारांतही उपयोगी पडते. स्ट्रेप्टोमायसिन ७०एसच्या लहान भागाला चिकटून भाषांतरणात चुका घडवते. आपल्या ८०एसवर त्याचा परिणाम फारसा होत नाही. मात्र आपल्या तंतुकणिकांमधील रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात, आणि या औषधाने काही रुग्णांची श्रवणशक्ती जाते त्यामागे तेही एक कारण मानले जाते. साध्या सर्दीवर प्रतिजैविक मागणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो, ७०एसही नाही आणि ८०एसही नाही.