तिरका जॉब, सरकलेला जॉब: कॅमेरा कोन आणि जागा कशी काढतो
(अंबड-सातपूर, नाशिक येथील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कन्व्हेयरवरून येणारा जॉब तिरकाही असतो आणि बाजूला सरकलेलाही. ग्रिपरला कोन आणि जागा दोन्ही अचूक लागतात. आमचं सॉफ्टवेअर आधी कोन काढतं, मग सरक. हे दोन टप्पे वेगळे करता येतात ते फूरिये ट्रान्सफॉर्ममुळे.

फूरिये ट्रान्सफॉर्म चित्राची अनेक पट्ट्यांमध्ये फोड करतो. प्रत्येक पट्टीसंचाचे दोन आकडे मिळतात: मॅग्निट्यूड, म्हणजे पट्टे किती ठळक, आणि फेज, म्हणजे ते कुठून सुरू होतात. जॉब सरकला तर फक्त फेज बदलतो, मॅग्निट्यूड तसाच राहतो. जॉब फिरला तर मॅग्निट्यूडचा नकाशा, म्हणजे स्पेक्ट्रम, तेवढ्याच कोनातून फिरतो.

उदाहरणाला खाचा पाडलेली प्लेट घेऊ. चित्र ५१२ × ५१२ पिक्सेलचं, खाचा उभ्या, दर १६ पिक्सेलला एक. ५१२ भागिले १६ म्हणजे ३२. म्हणून स्पेक्ट्रमच्या मध्यापासून डावी-उजवीकडे ३२ घरांवर दोन ठळक ठिपके दिसतात. प्लेट ३० अंश फिरवली की ठिपके आडवे सुमारे २८ आणि उभे १६ घरांवर जातात. मध्यापासूनचं अंतर ३२च राहतं. मात्र चित्र चौरस हवं. ६४० × ४८० चं चित्र तसंच घेतलं तर दोन्ही दिशांची घरं सारखी नसतात आणि ४५ अंशांच्या खाचा स्पेक्ट्रममध्ये ३७ अंशांवर दिसतात. म्हणून आम्ही मधला ४८० × ४८० चा तुकडा कापून घेतो.

आता खरी अडचण. हा हिशोब चित्राला फरशीसारखं चारही बाजूंनी जोडलेलं धरतो: उजवी कड पुन्हा डाव्या कडेला, खालची वरच्या कडेला. दिवा एका बाजूला असेल तर डावीकडे उजेड, उजवीकडे अंधार, आणि जोडावर उजेडाची एकदम उडी. ती स्पेक्ट्रममध्ये मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेघेसारखी उमटते. वरखाली फरक असेल तर उभी रेघ येते, आणि मिळून फुली होते. ही फुली जॉबची नाही, चौकटीची आहे. त्यामुळे जॉब फिरला तरी ती जागची हलत नाही. जॉब कसाही ठेवला तरी सिस्टीम ० किंवा ९० अंशच सांगत असेल, तर पहिला संशय हिच्यावर घ्या.

उपाय सोपा आहे. सरासरी उजेड वजा करायचा आणि कडांकडे चित्र हळूहळू शून्यावर आणायचं:

```python
h = np.hanning(img.shape[0])
g = (img - img.mean()) * np.outer(h, h)
F = np.fft.fftshift(np.fft.fft2(g))
M = np.log1p(np.abs(F))
```

याची किंमतही आहे. ५१२ च्या चित्रात कडेपासून १२८ पिक्सेल आत वजन निम्मंच उरतं, म्हणून कडेला आलेला जॉब जवळजवळ दिसेनासा होतो. कॅमेरा बसवताना जॉब मध्यभागी येईल असंच बघा. नंतर सॉफ्टवेअरने ते भरून निघत नाही.

कोन मिळाला तरी काम अर्धंच झालेलं असतं. साध्या कॅमेराचित्राचा स्पेक्ट्रम मध्याभोवती अर्धा फेरा फिरवला तरी तसाच दिसतो, त्यामुळे ३० आणि २१० अंश यांत फरक कळत नाही. आम्ही दोन्ही कोनांनी चित्र उलट फिरवून फेज कोरिलेशन करतो, म्हणजे सरळ ठेवलेल्या जॉबच्या चित्राशी त्याचा फेज ताडून बघतो, आणि जुळणीचं जास्त उंच शिखर मिळेल तो कोन धरतो. दोन्ही शिखरं सारखीच आली, तर जॉबच दोन्हीकडून सारखा आहे.

त्या शिखराची जागा म्हणजेच सरक. इथे तीच जोडाजोड पुन्हा आडवी येते: ५१२ च्या चौकटीत ३०० पिक्सेल उजवीकडे आणि २१२ डावीकडे यांचं शिखर एकाच घरात पडतं. सरक २५६ च्या आत राहील याची खात्री असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर भोवती शून्यं भरून चित्र १०२४ × १०२४ करतो, मग दोन्ही शिखरं वेगळी पडतात. नुसत्या खाचांना मात्र याचाही फारसा उपयोग नाही. ४ पिक्सेल सरकल्यावर त्यांचा फेज ९० अंशांनी बदलतो. २० पिक्सेलला ४५० अंशांनी, म्हणजे पुन्हा ९०च. अशा प्लेटवर एखादं भोक किंवा कोपरा चौकटीत आलाच पाहिजे.

सिस्टीम तपासताना एकच फोटो संगणकावर फिरवून बघू नका. तसं केल्यावर कोपऱ्यांत काळे त्रिकोण येतात, त्यांच्या तिरक्या कडा जॉबबरोबर फिरतात आणि चौकटीचीच फुली फिरल्यासारखी दिसते. चाचणी छान पास होते आणि लाइनवर कोन चुकतो. कॅमेऱ्याखाली खरा जॉब हाताने फिरवा, कोनमापक लावा आणि ०, १५, ३०, ४५ अंशांवर वेगवेगळे फोटो घ्या.