घोळणा फुटला तर जाळायचं की बोळा भरायचा?

मे महिन्यात आमच्याकडे जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास गेला की माझ्या ओपीडीत घोळणा फुटलेल्यांची लाईन लागते. हवा कोरडी, नाकाच्या आतली ओली कातडी सुकते, खपली धरते, माणूस बोट घालतो आणि खपली निघाली की धार. घरातले लगेच डोक्यावर गार पाणी ओततात, मान मागे टाकतात, कांदा फोडून हुंगायला देतात. मान मागे टाकल्यावर रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण ते थांबत नाही, घशातून पोटात जातं, आणि मग अर्ध्या तासाने काळी उलटी झाली की घरचे आणखीनच घाबरतात.

मागच्या उन्हाळ्यात रावेरकडचे एक केळीवाले आप्पा आले, वय 61, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेली, रोज ॲस्पिरिन चालू. चार दिवसांत तिसऱ्यांदा उजव्या नाकातून रक्त. टॉवेल लाल झालेला, बीपी 170, आणि मुलगा म्हणतो बीपीमुळेच फुटलं ना डॉक्टर? मी म्हटलं थांब, एवढं रक्त पाहून कोणाचंही बीपी चढेल, थांबलं की परत मोजू.

आता हे रक्त येतं कुठून ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय त्याच्यावरच आहे. दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो त्याच्या पुढच्या भागात, नाकपुडीच्या तोंडापासून जेमतेम बोटाचं पेर आत, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. अमेरिकेतल्या लिटलने 1879 मध्ये आणि जर्मनीतल्या किसेलबाखने 1884 मध्ये याच जागेबद्दल लिहिलं, म्हणून दोघांची नावं तिला पडली, आम्ही लिटल्स एरिया म्हणतो. दहातले नऊ घोळणे नाकाच्या पुढच्या भागातूनच फुटतात, आणि त्यातले बहुतेक इथूनच.

जळगावची अजिंठा चौफुली डोळ्यासमोर आणा. तसेच इथे चार रस्ते येऊन मिळतात. एक वरून, डोळ्याच्या खोबणीतून येतो, आणि त्याचं मूळ मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत आहे. दुसरा मागून, नाकाच्या खोल भागातून. तिसरा टाळूच्या हाडातल्या बारीक भोकातून वर चढतो आणि चौथा वरच्या ओठातून. हे शेवटचे तिन्ही चेहऱ्याला रक्त देणाऱ्या धमनीचे. म्हणजे एक रस्ता बंद केला तरी दुसरीकडून ट्रॅफिक येतच राहणार, त्यामुळे पुढच्या रक्तस्रावात मागे जाऊन एखादा रस्ता अडवण्यात अर्थ नसतो, चौफुलीवरच उभं राहावं लागतं. आणि चौफुली बोटाला लागेल एवढी जवळ आहे हे आपलं नशीब.

म्हणून पहिलं काम दाबायचं. आप्पांना पुढे वाकवून बसवलं, तोंडाने श्वास घ्या म्हटलं, आणि नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं घड्याळ लावून दाबला. लोक हाडावर दाबतात, त्याचा काही उपयोग नाही, आणि दर मिनिटाला सोडून बघतात, त्याने तर जमलेली गुठळीच निघते. दाबलेलं असताना घशात रक्त उतरत राहिलं तर समजायचं की जागा बहुतेक मागे आहे, ते प्रकरण वेगळं. आप्पांच्या घशात काही नव्हतं.

धार कमी झाली, झिरपत होतं. मग झायलोमेटाझोलिन आणि लिग्नोकेनमध्ये भिजवलेला कापूस आत ठेवला, दहा मिनिटं. पहिल्याने वाहिन्या आकसतात, दुसऱ्याने जागा बधिर होते. कापूस काढून उजेडात पाहिलं तर पडद्यावर उजवीकडे एक लाल टिपका, बाजूला बारीक फुगलेली शीर. जागा दिसली म्हणजे जाळता येतं.

जाळायचं म्हणजे आग नाही हो, सिल्व्हर नायट्रेट लावलेली काडी असते. ओल्या जागेवर ती टेकली की वरचा थर करपून पांढरा-करडा होतो आणि शीर बंद. पण धो धो रक्तात ही काडी वाया जाते, सगळं औषध रक्तातच संपतं, म्हणून आधी कोरडं करायचं. आणि काडी थेट टिपक्यावर टेकवत नाही, आधी भोवती गोल फिरवायची, येणाऱ्या वाटा बंद करायच्या, मग मधे, एका ठिकाणी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. ओठावर व्हॅसलिन लावून ठेवतो, नाहीतर औषध ओघळून काळा डाग पडतो आणि पेशंट आठवडाभर मला शिव्या देतो.

आप्पांची बायको म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दुसऱ्या बाजूनेही जाळून टाका ना, एकदाच काम होऊन जाईल." मला हे दर उन्हाळ्यात कोणीतरी सांगतंच. पडदा पुढच्या भागात कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर असते तशा लवचिक हाडाचा. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात, तिचं जेवण दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या पातळ अस्तरातून झिरपून येतं. एक बाजू जाळली तर दुसरी बाजू तिला जगवते. समोरासमोर दोन्ही जाळल्या तर मधली कूर्चा उपाशी मरते आणि पडद्याला भोक पडतं. लहान भोक असेल तर श्वास घेताना शिट्टी वाजते, मोठ्या भोकाच्या कडेला खपल्या धरतात आणि त्याच परत रक्त काढतात. असा एक पोरगा माझ्याकडे आला होता, दुसरीकडे एकाच बैठकीत दोन्ही बाजू जाळून. म्हणून दुसरी बाजू लागलीच तर चार ते सहा आठवड्यांनी.

मग बोळा कधी? दाबून थांबत नाही, आणि जागा दिसत नाही किंवा काडी टिकत नाही एवढं वाहतंय, तेव्हा. औषधात भिजवलेली लांब पट्टी घडी घालत भरतात, किंवा कोरडा चपटा स्पंज सरकवतात जो आत ओला होऊन फुगतो आणि सगळीकडून दाबतो. तो नाकाच्या तळाला समांतर, सरळ मागे घालायचा असतो, डोळ्याच्या दिशेने वर नाही. साधारण एक ते तीन दिवस ठेवतात. त्या दिवसांत डोकं जड, झोप नाही, डोळ्यातून पाणी, कधी सायनसला इन्फेक्शन, आणि म्हाताऱ्या किंवा दम्याच्या माणसाचा ऑक्सिजन उतरू शकतो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. न बघताच बोळा भरला की तो आत खरचटतो, काढताना आणखी सोलतं, आणि नंतर दुर्बीण घातली तर पाच ठिकाणी लाल, मूळ जागा कोणती ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणजे जाळायचा चान्स गेलाच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना तर हे जास्तच बाधतं, म्हणून त्यांना भरावंच लागलं तर आपोआप विरघळणारा बोळा वापरतो, काढायची भानगडच नाही. आणि ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आप्पांची स्टेंट बंद पडली तर नाकापेक्षा भारी पडेल, हार्टच्या डॉक्टरला फोन करून चालूच ठेवली.

तासाभराने बीपी 138. घरी पाठवताना सांगितलं, पहिला आठवडा नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून, आणि दोन आठवडे दिवसातून दोनदा मलम, बोटाने नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं आणि बाहेरून नाक चोळायचं, काडीने आत खुपसायचं नाही. सहा आठवड्यांनी आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता, उजवीकडे गुलाबी कातडी आलेली, डावीकडे जाळण्यासारखं काहीच नव्हतं. बायको तेव्हाही विचारत होती, मग डावी बाजू कधी करायची.