जिझिया आणि शेतसारा: १६७९च्या निर्णयाची पार्श्वभूमी

औरंगजेबाने २ एप्रिल १६७९ रोजी जिझिया पुन्हा लादला, हे शाळेपासून ठाऊक असतं. शिवाजी महाराजांच्या नावावरचं निषेधाचं पत्रही माहीत असतं. त्याच्या नकला वेगवेगळ्या नावांवर मिळतात, पण तो वाद इथे नको. हा कर गोळा करणारं खातं शेतसाऱ्याच्या यंत्रणेपासून मुद्दाम वेगळं ठेवलं होतं, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे.

मोगल सत्ता जगली ती शेतसाऱ्यावर. १५८०मध्ये उत्तरेत जी पद्धत ठरली, तिच्यात मागच्या दहा वर्षांचं उत्पन्न आणि भाव धरून दर पिकाचा बिघ्यामागे रोख दर काढला जाई. तो साधारण एक तृतीयांश उत्पन्नाचा होता. मोजणीला दोरी वापरत नसत. ती ओली झाली की आखडते, म्हणून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या काठ्या आल्या. दख्खनमध्ये १६५०च्या दशकात बंदोबस्त झाला तेव्हा कोरडवाहू पिकात निम्मा आणि विहिरीच्या पाण्यावरच्या पिकात तिसरा हिस्सा सरकारचा ठरला. हे सगळं चाले देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या जिवावर. हा हिशेब शेत आणि पीक बघे, कसणाऱ्याचा धर्म नाही. शिवाय वसुलीचा बहुतेक भाग बादशाही खजिन्यात जातच नसे. तो पगाराच्या बदल्यात जहागीरदारांच्या हाती जाई.

जिझिया याच्या नेमका उलट होता. तो माणशी होता, आणि फक्त बिगर-मुस्लिमांवर. गरिबाला वर्षाला १२ दिरहम, म्हणजे तीन रुपयांच्या थोडं वर, मध्यम स्थितीतल्याला २४ आणि श्रीमंताला ४८. दहा हजार दिरहमांच्या वर मालमत्ता असली की माणूस श्रीमंतांत धरला जाई. त्यामुळे अकरा हजारवाल्याला ४८ आणि लाखवाल्यालाही ४८च. शहरातल्या हमालाची मात्र महिनाभराची मजुरी यात जाई. बायका, मुलं, अपंग आणि बेकार यांना सूट होती. बादशाही चाकरीतल्यांनाही होती, म्हणजे रजपूत सरदार सुटले आणि बाजारातला कारागीर सापडला. वसुलीला स्वतंत्र अमीन नेमले गेले, ते बहुतेक धर्मशास्त्र शिकलेल्यांमधून.

बुऱ्हाणपूरचं उदाहरण बोलकं आहे. तिथे अख्ख्या शहरातून वर्षाला २६ हजार रुपये येत. १६८२च्या सुमारास नवा अमीन आला आणि त्याने तीन महिन्यांत, तेही निम्म्या शहरातून, चौपटीहून जास्त रक्कम बसवली. लोकसंख्या तीन महिन्यांत वाढत नाही. आधीचा अमीन बरंच सोडून देत होता किंवा खिशात घालत होता, नाहीतर नवा घरोघर ओरबाडत होता. तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात.

मग हा कर कशासाठी? काही अभ्यासक म्हणतात, खजिना रिकामा होता. काही म्हणतात, धर्मनिष्ठा. काही बोट दाखवतात मारवाडकडे, जिथला राजा डिसेंबर १६७८मध्ये वारला आणि वारशाचा पेच उभा राहिला. निव्वळ पैशाचं कारण मला पटत नाही. पैसा हवा असता तर शेतसाऱ्यासारख्या चालू यंत्रणेवर बोजा टाकता आला असता. वेगळं खातं उभारायचं, त्यावर शास्त्रीमंडळी बसवायची आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय करायची, यात दरबारातल्या एका गटाला धरून ठेवण्याचा हिशेब दिसतो. त्याची किंमत बाजारपेठांनी मोजली. दिल्लीत गाऱ्हाणं घेऊन आलेला जमाव हटेना, तेव्हा त्याच्यावर हत्ती घातले गेले.

उस्मानी साम्राज्यात याच सुमारास, १६९१मध्ये, हाच कर घराऐवजी माणशी केला गेला आणि तोही तीन पायऱ्यांत. पण तिथे तो कधी बंद पडलेलाच नव्हता, त्यामुळे प्रश्न फक्त दराचा आणि नोंदवहीचा होता. इथे अकबराने १५६४मध्ये उठवलेला कर शंभरावर वर्षांनी परत आला होता, म्हणून तो एवढा झोंबला.

दख्खनमध्ये तो फार काळ तगला नाही. दुष्काळ आणि मराठ्यांच्या धामधुमीमुळे १७०४मध्ये खुद्द औरंगजेबानेच इथे तो माफ केला. पुढे १७१३मध्ये तो सगळीकडे उठला, चार वर्षांनी परत आला आणि १७१९मध्ये रफी-उद-दरजात या अल्पजीवी बादशहाच्या काळात पुन्हा गेला. त्याच वर्षी, त्याच बादशहाच्या नावाने, दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा शाहू महाराजांच्या पदरात पडल्या. त्यांचा हिशेब धरला होता सहा सुभ्यांच्या सुमारे १८ कोटी रुपयांच्या कागदोपत्री जमेवर. प्रत्यक्षात रयतेकडून येणारा वसूल त्याहून कितीतरी कमी होता.